टायफॉइडचा संशय: गोळी आधी की रक्त आधी?

कोथरूडचा_मामा (सोमवार, रात्री ९:१०)

मंडळी, जरा घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. भाचा कर्वेनगरला मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो, हिंजवडीत नोकरी. बुधवारी अंग मोडून आलं, संध्याकाळी शंभर ताप. त्यानंतर रोज थोडा थोडा वर. काल रात्री १०३. सर्दी नाही, घसा साफ. डोकं ठणकतंय, अन्नावर वासना नाही, पोट साफ नाही आणि जिभेवर पांढरा थर. डेंगी आणि मलेरिया निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी ४,२००, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. आज विडाल केली, तीही निगेटिव्ह.

आता दोन डॉक्टर, दोन मतं. फ्लॅटजवळचे म्हणतात, विडाल निगेटिव्ह म्हणजे टायफॉइड नाही, पण सेफिक्सिम सुरू करून टाका. बहिणीच्या ओळखीतले फिजिशियन म्हणतात, उद्या सकाळी ब्लड कल्चरला रक्त द्या, तोवर एकही अँटिबायोटिक नको. लॅबवाला सांगतो, कल्चरचा पक्का रिपोर्ट पाच दिवसांनी. पाच दिवस पोराला असंच तापात ठेवायचं का? बहीण साताऱ्याहून निघालीये आणि दर अर्ध्या तासाने फोन करतेय.

मिसळ_विदाउट_कट (सोमवार, रात्री ९:२२)

पहिला प्रश्न: पाणीपुरी कुठे खाल्ली होती?

बॅगवाला (सोमवार, रात्री ९:३१)

मी औषध कंपनीत एमआर होतो, रोज पंधरा दवाखाने फिरायचो. सांगतो ते ऐका. कल्चरबिल्चर पुस्तकात ठीक. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट बरा तरी होतो नाहीतर अ‍ॅडमिट तरी. सेफिक्सिम-ऑफ्लॉक्सासिनची एकत्र गोळी येते, सगळे तीच देतात. सुरू करा आणि झोपा.

विजयाताई_सोलापूर (सोमवार, रात्री ९:४५)

अहो मामा, हा मुदतीचा ताप वाटतोय. आमच्या लहानपणी एकवीस दिवस उतरायचा नाही. आई नुसतं भाताच्या पेजेवर ठेवायची. त्याला बाहेरचं काही देऊ नका, आणि पोट साफ व्हायला एरंडेल वगैरे तर अजिबात देऊ नका.

सूक्ष्मदर्शक (सोमवार, रात्री १०:०५)

मामा, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. फिजिशियननी रक्त देईपर्यंत थांबायला सांगितलंय, रिपोर्ट येईपर्यंत नाही. कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून त्यात जंतू वाढतो का ते बघणं. रक्त काढायला दहा मिनिटं लागतात. बाटली लॅबकडे गेली की त्याच मिनिटाला पहिलं इंजेक्शन किंवा गोळी घेता येते. पाच दिवस तापात ठेवायला कोणी सांगणार नाही. बॅगवाले, हे तुमच्यासाठीही.

मी मायक्रोबायोलॉजीत नोकरी करून निवृत्त झाले. पेशंट मी तपासत नाही, त्यामुळे औषधाचं त्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. पण बाटल्या आयुष्यभर पाहिल्यात, तेवढ्यावर बोलते.

टायफॉइडचा जंतू, म्हणजे साल्मोनेला टायफी, पोटात गेल्यावर लगेच ताप येत नाही. तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून आत शिरतो, तिथल्या गाठींतून रक्तात येतो आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथल्या पेशींत लपून वाढतो. माणूस तेव्हा ठणठणीत असतो. साधारण आठ ते चौदा दिवसांनी जंतू तिथून पुन्हा रक्तात उतरतात, आणि आपण ज्याला तापाचा पहिला दिवस म्हणतो तो हा. म्हणून रक्तात जंतू सापडण्याची शक्यता पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, नंतर ती घसरत जाते. भाचा सहाव्या दिवशी आहे. कल्चरसाठी याहून चांगली वेळ पुढच्या आठवड्यात मिळणार नाही.

विडालचं उलट आहे. ती जंतू शोधत नाही, आपल्या शरीराने केलेली प्रतिपिंडं मोजते, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह आली म्हणून टायफॉइड नाही, असं कोणी म्हणू नये.

पेठकर_काका (सोमवार, रात्री १०:१४)

म्हणजे सहाव्या दिवशी विडाल करणारा लॅबवाला आणि ती निगेटिव्ह म्हणून टायफॉइड नाही म्हणणारा डॉक्टर, दोघांनी मिळून पेशंटचे पैसे घालवले. पुण्यात याला पॅकेज म्हणतात. "फीवर प्रोफाइल", वर सवलत.

रश्मी_क (सोमवार, रात्री १०:२०)

मला मागच्या वर्षी विडाल पॉझिटिव्ह आली होती, १:१६०. दहा दिवस सलाइनमधून इंजेक्शनं घेतली. नंतर सांधे धरले ते तीन महिने सुटले नाहीत. चिकनगुनियाची टेस्ट केली तर ती पॉझिटिव्ह! मग मला नक्की काय झालं होतं? १:१६० म्हणजे टायफॉइडच ना?

बॅगवाला (सोमवार, रात्री १०:२८)

१:१६० म्हणजे टायफॉइड. शंकाच नाही.

सूक्ष्मदर्शक (सोमवार, रात्री १०:४०)

शंका आहे. १:१६० म्हणजे रक्तातला पातळ भाग १६० पट विरळ केल्यावरही प्रतिपिंडं दिसली, एवढंच. आपल्याकडे हा जंतू इतका फिरत असतो की निरोगी माणसातही १:८०, कधी १:१६० सापडतं. पूर्वीचा आजार असेल, लस असेल किंवा दुसऱ्याच कुठल्या साल्मोनेलाशी गाठ पडली असेल. कधी कधी वेगळ्याच तापातही आकडा थोडा चढतो. एका आकड्याला फारसा अर्थ नाही. एक विडाल सुरुवातीला आणि दुसरी आठ-दहा दिवसांनी, दोन्ही एकाच लॅबमध्ये, आणि आकडा चौपट वाढला, तर मी त्याला वजन देईन. रश्मी, तीन महिने सांधे धरले असतील तर चिकनगुनिया पटण्यासारखा आहे. दोन्ही एकदम झालं होतं का, हे आता सांगता येणार नाही. कल्चर केलं नव्हतं ना?

रश्मी_क (सोमवार, रात्री १०:४३)

कल्चर हा शब्दच तेव्हा कोणी उच्चारला नव्हता. :(

खडकवासला_टू_कात्रज (सोमवार, रात्री ११:०२)

मामा, फ्लॅटवर पाणी टँकरचं आहे का? सिंहगड रोडवर २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे पेशंट निघाले तेव्हा सगळे जागे झाले, दोन महिन्यांत परत झोपले. आमच्या सोसायटीची खालची टाकी ड्रेनेजच्या चेंबरला खेटून आहे. वर्षात किती वेळा धुतली विचारलं, तर चेअरमन म्हणतात, तुम्हीच समितीत या.

मिसळ_विदाउट_कट (सोमवार, रात्री ११:०५)

@खडकवासला: गेलात का मग समितीत?

खडकवासला_टू_कात्रज (सोमवार, रात्री ११:०९)

टँकरवाल्याशी भांडायचं काम माझ्याकडे आलंय.

प्रसाद_इन्व्हर्टर (सोमवार, रात्री ११:३०)

कल्चरचं रक्त ताप एकदम चढलेला असताना, थंडी वाजताना घ्यावं लागतं. सकाळी ताप उतरलेला असतो, तेव्हा घेऊन उपयोग नाही. रात्रीच घ्या. माझ्या वडिलांच्या वेळी आयसीयूत हेच सांगितलं होतं.

सूक्ष्मदर्शक (मंगळवार, सकाळी ६:५०)

प्रसाद, वडिलांचा आजार वेगळा असणार. टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात थोडे पण बराचसा वेळ असतात. तापाचा चढ गाठायला रात्री धावपळ करायची गरज नाही. दोनच गोष्टी सांभाळा: रक्त अँटिबायोटिकच्या आधी, आणि रक्त भरपूर.

भरपूर म्हणजे किती, तर मोठ्या माणसात एका बाटलीत ८ ते १० मिली. जमलं तर दोन हातांतून दोन बाटल्या. टायफॉइडमध्ये एक मिली रक्तात सरासरी एखादा जंतू, बऱ्याचदा तेवढाही नाही, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पांढऱ्या पेशींच्या आत दडलेले. २ मिलीची सिरिंज भरून बाटलीत टाकली की त्यात एकही जंतू आला नसेल, अशी दाट शक्यता. मग रिपोर्ट येतो "नो ग्रोथ", आणि सगळे म्हणतात कल्चर बेकार टेस्ट आहे. लहान मुलांत रक्त कमीच घेतात. त्यांच्या रक्तात जंतूंचं प्रमाण जास्त असतं, म्हणून निभावतं.

आज सकाळी घरी येणाऱ्या मुलाकडे एवढं बघा. कातडी पुसल्यावर ती वाळेपर्यंत त्याने थांबायला हवं. पुसल्यानंतर शिरेवर पुन्हा बोट लावायचं नाही, बहुतेक जण तिथेच चुकतात. बाटलीचं रबरी बूचही पुसायचं, फक्त वरचं झाकण उघडलं की झालं असं नाही. आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. कलेक्शन सेंटरवाले बाकीच्या नमुन्यांबरोबर तीही थंडीत सरकवतात. कल्चरची बाटली नेहमीच्या तापमानाला ठेवायची आणि लवकर मशीनपर्यंत पोचवायची.

कोथरूडचा_मामा (मंगळवार, सकाळी १०:१५)

मनापासून आभार. रक्त दिलं, दोन बाटल्या. मुलाने एकाच बाटलीचं सांगितलं होतं, मी फिजिशियनना फोन लावून दिला. कातडी वाळेपर्यंत थांबा म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्याची नोकरी घालवतोय. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून सुरू केलंय, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये सकाळ-संध्याकाळ जायचं. बहीण पोचली. पेज शिजतेय.

मेस_सांभाळणारी (मंगळवार, दुपारी ३:४०)

मी एरवी फक्त वाचते, आज लिहिते. नव्या पेठेत माझी छोटी मेस आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. दिवाळीपासून आमच्याकडच्या तीन मुलांना टायफॉइड झाला. तिघांची खोली वेगळी, क्लास वेगळा. पाणी आरओचं, टाकी स्वच्छ. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, तुमच्या स्वयंपाकवाल्या मावशींना तपासलंय का? मावशी सहा वर्षं माझ्याकडे आहेत, एक दिवस तापाने झोपल्या नाहीत. ताप नसलेल्या माणसाकडून टायफॉइड कसा पसरेल?

जुनी_पानं (मंगळवार, दुपारी ४:१०)

@मेस: मेरी मॅलन वाचा. न्यूयॉर्कमधली आयरिश स्वयंपाकीण, कधी आजारी दिसली नाही, पण जिथे स्वयंपाकाला जाई तिथे टायफॉइड. १९०६ मध्ये एका कुटुंबातला उद्रेक शोधताना जॉर्ज सोपर तिच्यापर्यंत पोचला. १९०७ मध्ये तिला बेटावर नेऊन ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. १९१५ मध्ये ती एका प्रसूतिगृहात नाव बदलून स्वयंपाक करताना सापडली. मग १९३८ मध्ये वारली तोवर त्याच बेटावर. तिला शेवटपर्यंत पटलं नाही की आपल्यात जंतू आहेत. पटणार तरी कसं? ताप लोकांना यायचा.

पेठकर_काका (मंगळवार, दुपारी ४:२२)

बाईला बेटावर टाकायचं आणि शहराचं गटार तसंच ठेवायचं. बरं आहे.

सूक्ष्मदर्शक (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

@मेस: अगदी होऊ शकतं. रक्तातून हे जंतू यकृतात जातात, तिथून पित्तात उतरतात आणि पित्ताशयात मुक्काम करतात. बहुतेकांचा मुक्काम आठवड्यांत, फार तर महिन्यांत सुटतो. शंभरातल्या एक ते पाच जणांत वर्षानंतरही जंतू शौचातून जात राहतात. त्यांना आपण वाहक म्हणतो. यात बायका जास्त, वय वाढलेले जास्त, आणि पित्ताशयात खडे असलेले तर फारच. खड्यावर जंतू चिकट थर करून बसतात. तिथे औषधही नीट पोचत नाही. मूळ आजार इतका सौम्य होऊन गेलेला असतो की माणसाला आठवतही नाही.

मावशींना हाकलू नका आणि लोकांसमोर विचारूही नका. शौचाचं कल्चर करा, पण एकदा करून थांबू नका. वाहक रोज सारखे जंतू टाकत नाही, नमुना कोरडा जाऊ शकतो. वेगवेगळ्या दिवशी तीन तरी. सोबत पोटाची सोनोग्राफी. विडाल मात्र करू नका, वाहक शोधायला तिचा उपयोग नाही.

आणि त्या काय काय करतात ते बघा. तव्यावर भाजलेल्या पोळीतून, उकळत्या आमटीतून टायफॉइड जात नाही. शिजवून झाल्यावर ज्याला हात लागतो त्यातून जातो: कोशिंबीर, चटणी, ताक, कापलेला कांदा. मेरीच्या बाबतीतही बोट दाखवलं गेलं ते कच्ची फळं घातलेल्या आइस्क्रीमकडे.

मिसळ_विदाउट_कट (मंगळवार, संध्याकाळी ६:४४)

कापलेला कांदा!! तुम्ही माझ्या मुळावरच उठलात.

विजयाताई_सोलापूर (मंगळवार, रात्री ८:००)

मावशींच्या पोटावर पाय आणू नका हो. संडासाशेजारी साबण ठेवलाय का, नळाला पाणी असतं का, ते आधी बघा. आम्ही बायांना काम सांगतो, साबणाची वडी द्यायला विसरतो.

कोथरूडचा_मामा (गुरुवार, रात्री ९:५०)

अपडेट, आणि चांगलं नाही. लॅबचा अंतरिम रिपोर्ट आला: ४८ तासांत वाढ नाही. ताप अजून रात्री १०२ ला जातोय. इंजेक्शनला आता तीन दिवस होत आले. बहीण म्हणतेय औषध लागू पडत नाही, डॉक्टर बदला.

दुसरं, आज भाच्याच्या रूम पार्टनरने जाता जाता सांगितलं, "काका, शनिवारी मी त्याला मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० आणून दिली होती, तीन दिवसांची पट्टी." सोमवारी शेवटची गोळी घेतली. भाच्याला वाटलं ती घशाची गोळी आहे, म्हणून कोणालाच बोलला नाही! फिजिशियननी त्याला विचारलं होतं. हा म्हणाला, "फक्त पॅरासिटामॉल."

पेठकर_काका (गुरुवार, रात्री ९:५८)

घसा साफ होता असं तुम्हीच लिहिलंय. मग घशाची गोळी कशाला?

कोथरूडचा_मामा (गुरुवार, रात्री १०:०१)

तेच तर. ती केमिस्टची थिअरी.

बॅगवाला (गुरुवार, रात्री १०:१०)

म्हणजे कल्चरचे पैसे पाण्यात. मी म्हणालो नव्हतो?

सूक्ष्मदर्शक (गुरुवार, रात्री १०:३५)

बॅगवाले, कल्चरचे पैसे पाण्यात गेले ते न विचारता दिलेल्या गोळीमुळे.

मामा, आधी तापाचं. बरोबर औषध लागू पडलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस घेतो. जंतू पेशींच्या आत आहेत, तिथे औषधाला वेळ लागतो. तीन दिवसांत ताप आहे म्हणून डॉक्टर बदलू नका. रोजचा सगळ्यात वरचा आकडा लिहून ठेवा. तो हळूहळू खाली सरकतोय का, एवढं बघा. लक्ष ठेवायचं ते पोटाकडे. एकाएकी जोराचं पोट दुखणं, पोट कडक होणं, नाडी पळणं, काळं शौच, यातलं काहीही झालं तर रात्र न काढता हॉस्पिटल. आतड्यातल्या त्याच गाठी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात व्रण होऊन फाटू शकतात. त्या वेळी ताप उतरलेलाही दिसतो, लोक तिथे फसतात.

आता कल्चर. अंतिम रिपोर्ट पाच दिवसांनीच, पण टायफी वाढणार असेल तर मशीन बहुधा पहिल्या दोन दिवसांत इशारा देतं. त्यामुळे माझी आशा कमी आहे. अगदी आदर्श परिस्थितीतही एका ब्लड कल्चरमध्ये टायफॉइडचे दहातले पाच-सहाच सापडतात. इथे तर तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन पोटात. तुम्ही विचाराल, दोन दिवस औषध थांबवून परत करू का? दुसऱ्या एखाद्या औषधात तसा विचार करता आला असता. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींच्या आत साठतं आणि गोळी थांबल्यावरही कित्येक दिवस रेंगाळतं, म्हणून तीन गोळ्यांचा कोर्स असतो. थांबून हाती काही लागणार नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात औषध बंद ठेवणं धोक्याचं.

प्रसाद_इन्व्हर्टर (गुरुवार, रात्री १०:५०)

अस्थिमज्जेचं कल्चर असतं ना? अँटिबायोटिक घेतलेलं असलं तरी येतं म्हणतात.

सूक्ष्मदर्शक (गुरुवार, रात्री ११:०५)

बरोबर आहे प्रसाद. मज्जेत जंतू रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि काही दिवस औषध झाल्यावरही सापडतात. दहातले आठ-नऊ सापडतात. पण कमरेच्या हाडात सुई घालावी लागते. निदान अडलंय, पेशंट बिघडतोय, तेव्हा ते करतात. ताप उतरणीला लागलेल्या पोरात कोणी करणार नाही, मीही सांगणार नाही.

मामा, तुमचं खरं नुकसान निदानाचं नाही. लक्षणं पाहता डॉक्टर टायफॉइड धरूनच चालतील. नुकसान आहे ते कुठलं औषध या जंतूवर चालतं, ते कळण्याचं. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या जातीची औषधं टायफीवर फारशी चालत नाहीत, म्हणून ती एकत्र गोळी मला पटत नाही. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफी पसरला. बाटलीत जंतू आला असता तर त्याची ही यादी कागदावर मिळाली असती. आता अंदाजाने चालायचं.

रश्मी_क (शुक्रवार, सकाळी ८:१५)

मेडिकलवाले अँटिबायोटिक देतातच कसे हो चिठ्ठीशिवाय?

मिसळ_विदाउट_कट (शुक्रवार, सकाळी ८:२०)

"भैया, तापाचं काहीतरी स्ट्राँग द्या" ही चिठ्ठीच असते.

कोथरूडचा_मामा (रविवार, संध्याकाळी ७:३०)

अंतिम रिपोर्ट: पाच दिवसांत वाढ नाही. पण काल रात्री ९९.८, आज दिवसभर साधा. सहाव्या दिवशी इंजेक्शनने हात दाखवला म्हणायचा. भाच्याने साधं वरण-भात तूप मागून खाल्लं, त्याच्या आईला रडू आलं. डॉक्टरांनी कोर्स अर्धवट सोडायचा नाही असं बजावलंय, आणि आज दुसरी विडाल सांगितली, त्याच लॅबमध्ये.

कोथरूडचा_मामा (सोमवार, रात्री ९:००)

विडाल आली. तिच्यात ओ आणि एच असे दोन आकडे असतात. गेल्या सोमवारी दोन्ही निगेटिव्ह, आज ओ १:१६०, एच १:३२०. म्हणजे झाला ना टायफॉइड सिद्ध?

सूक्ष्मदर्शक (सोमवार, रात्री ९:२५)

भक्कम आधार मिळाला, एवढं म्हणेन. एका आठवड्यात निगेटिव्हवरून इथवर, लक्षणं जुळलेली, औषधाला दिलेली साथ जुळलेली. मीही टायफॉइडच म्हणेन. सिद्ध मात्र जंतू दिसला तरच.

शंभरात पाच-दहा जणांना दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो, कोर्स नीट केला तरी. तसं झालं तर त्या दिवशी आधी रक्त, मग औषध. त्या वेळी बाटलीत जंतू मिळण्याची संधी परत येते. रूम पार्टनरलाही हे सांगून ठेवा.

पेठकर_काका (सोमवार, रात्री ९:३१)

रूम पार्टनरला सांगण्यापेक्षा घरातल्या उरलेल्या पट्ट्या घेऊन जा.

कोथरूडचा_मामा (सोमवार, रात्री ९:४०)

:) नेल्या. भाचा बरा झाल्यावर फ्लॅटवर स्वयंपाक करतो, त्याची पाळी असते. करू द्यायचा का?

सूक्ष्मदर्शक (सोमवार, रात्री ९:५५)

काही आठवडे पाळी दुसऱ्याला. बरा वाटला तरी शौचातून जंतू जाऊ शकतात. त्याचं काम स्वयंपाकाचं नाही, त्यामुळे तपासण्यांच्या मागे लागायलाच हवं असं नाही. तरी खात्री हवीच असेल तर अँटिबायोटिक संपून आठवडा झाल्यावर, दोन-दोन दिवसांनी शौचाचे तीन नमुने. आणि बाकीच्यांनी टायफॉइडची कॉन्जुगेट लस घ्यायला हरकत नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना सार्वजनिक मोहिमेत ती दिली होती.

मेस_सांभाळणारी (पुढचा शनिवार, दुपारी २:१५)

मावशींचे तिन्ही रिपोर्ट आले. पहिले दोन स्वच्छ. तिसऱ्यात साल्मोनेला टायफी. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, एक जवळजवळ दोन सेंटिमीटरचा. मावशी म्हणतात, "ताई, माझं पोट कधी दुखलंच नाही." सर्जन म्हणाले, खडे असताना नुसत्या गोळ्यांनी जंतू जाईल याचा भरवसा नाही, पित्ताशय काढलं तर शक्यता चांगली, पण तीही शंभर टक्के नाही. जंतूची औषधांची यादी आली आहे, त्यात सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद नाही. महिनाभर द्यायची नेहमीची गोळी हीच असते म्हणे, म्हणून तोही रस्ता अवघड.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात करायचं ठरतंय, खर्च मी आणि त्यांचा मुलगा वाटून घेऊ. तोवर पगार चालू, काम दळण-भाजी आणायचं, स्वयंपाकघरात हात नाही. कोशिंबीर मी करते.

एकच अडलंय. मुलांना सांगायचं का? सांगितलं तर मावशींचं नाव पेठेत कायमचं लागेल. नाही सांगितलं तर पुढच्या मुलाला ताप आला की डॉक्टरला ही माहितीच नसेल.

सूक्ष्मदर्शक (शनिवार, दुपारी ३:००)

महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, पुढचं ते बघतील. मुलांना नाव न घेता सांगता येईल: मेसमध्ये टायफॉइड झालाय, ताप दोन-तीन दिवसांवर गेला तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना कल्चरचं विचारा.

पेठकर_काका (शनिवार, दुपारी ३:१२)

नाव न घेता? सहा वर्षं पोळ्या लाटणारी बाई एकाएकी दळण आणायला लागली, तर पोरांना कळत नाही होय? ती स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत.

विजयाताई_सोलापूर (शनिवार, दुपारी ३:२०)

कळलं तर कळू दे. मावशींनाच विचारा की, त्यांचं काय म्हणणं आहे ते. त्यांच्याबद्दल सगळे बोलतायत, त्यांना कोणी विचारलंय का?

मेस_सांभाळणारी (शनिवार, दुपारी ३:४५)

विचारलं. म्हणाल्या, "ऑपरेशन होऊ दे, मग मीच सांगते पोरांना." तोवर थांबायचं की नाही, यावर आमच्या घरात आज सकाळपासून भांडण चालू आहे.